पुढच्या अपॉइंटमेंट यूटीसीत साठवू नका: बैरूत, मार्च २०२३

हेमांगी_र

डेटाबेसमध्ये वेळ नेहमी यूटीसीत ठेवायची, हे आपल्यापैकी बहुतेकांना नोकरीच्या पहिल्या काही दिवसांतच सांगितलं जातं. घडून गेलेल्या गोष्टींसाठी ते बरोबर आहे. पैसे कधी भरले, लॉगिन कधी झालं, फाइल कधी बदलली, हे सगळं खुशाल यूटीसीत ठेवा. पण पुढे घडायच्या भेटी, म्हणजे डॉक्टरची वेळ, मुलाखत, कोर्टाची तारीख, यूटीसीत ठेवणं चूक आहे असं माझं ठाम मत आहे. त्या स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशा जोडीने ठेवायला हव्यात. का, ते एका खऱ्या प्रसंगावरून सांगते, कारण नुसता नियम सांगून हे कुणाला पटत नाही असा अनुभव आहे.

लेबनॉनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्यरात्री घड्याळं एक तास पुढे करतात. हिवाळ्यात ते यूटीसीच्या दोन तास पुढे असतात, उन्हाळ्यात तीन तास. २०२३ साली हा रविवार २६ मार्चला होता. त्याआधी तीनच दिवस, गुरुवारी २३ तारखेला, काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं की यंदा घड्याळं २० एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत पुढे करायची नाहीत. रमजान नुकताच सुरू झाला होता. जुनीच वेळ राहिली असती तर रोजा घड्याळाप्रमाणे सातऐवजी सहाच्या सुमारास सुटला असता. मॅरोनाइट चर्चने हा निर्णय मानला नाही. काही शाळा आणि टीव्ही वाहिन्यांनी रविवारी ठरल्याप्रमाणे घड्याळं पुढे केली, सरकारी कचेऱ्यांनी केली नाहीत. सोमवारी २७ तारखेला मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला आणि बुधवारी रात्री, २९ उलटून ३० लागताना, सगळ्या देशाने घड्याळं पुढे करायची असं ठरलं.

आता एक अपॉइंटमेंट घ्या. बैरूतमधल्या एका दातांच्या दवाखान्यात १ मार्चला कुणी तरी ४ एप्रिल, मंगळवार, सकाळी १० ची वेळ घेतली. त्या दिवशीच्या नियमानुसार ४ एप्रिलला बैरूत यूटीसीच्या तीन तास पुढे असणार होतं, म्हणून सॉफ्टवेअरने `07:00Z` साठवलं. २३ मार्चला टाइम झोनच्या डेटाबेसची नवी आवृत्ती आली, `2023b`. तिच्यात घड्याळं २१ एप्रिलपर्यंत दोन तासांवरच राहणार होती. सर्व्हरवर ती आवृत्ती चढली आणि तीच अपॉइंटमेंट पडद्यावर सकाळी ९ ची दिसू लागली. पेशंटच्या हातातल्या कार्डावर १० लिहिलेले होते, आणि दवाखान्याची आणि पेशंटची समजूतही १० चीच होती. डेटाबेस तेवढा ९ म्हणत होता.

यापुढचा भाग जास्त वाईट आहे. २५ मार्चला आणखी एकाने ४ एप्रिलचीच १० ची वेळ दुसऱ्या खुर्चीसाठी घेतली. आता नियम दोन तासांचा, म्हणून `08:00Z` साठलं. २८ मार्चला `2023c` आली आणि नियम परत तीन तासांचा झाला. पहिली अपॉइंटमेंट पुन्हा १० ची दिसू लागली, दुसरी मात्र ११ ची. आणि १ मार्चला ज्यांनी खरोखरच ११ ची वेळ घेतली होती त्यांचंही `08:00Z` असंच साठलेलं होतं. म्हणजे टेबलमध्ये `08:00Z` दिसलं तर पेशंटला १० ची वेळ दिली होती की ११ ची, हे त्या ओळीवरून आता कुणीच सांगू शकत नाही. चुकलेलं गणित दुरुस्त करता येतं. इथे मूळ आकडाच पुसला गेला.

आमच्या टीमकडे असा एक डेटा नंतर साफ करायला आला होता, म्हणून इतक्या तपशिलात लिहिते आहे. स्थानिक वेळ `2023-04-04 10:00` आणि झोन `Asia/Beirut` एवढंच साठवलेलं असतं, तर सरकारने कितीही वेळा निर्णय फिरवला असता तरी १० चे १० च राहिले असते.

तुमच्याकडे हे कसं करता, आणि काय काय अडचणी आल्या, ते लिहा.

---

निनाद_डोंबिवली

प्रसंग वाचून धक्का बसला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. यूटीसी हा एकच निश्चित क्षण असतो. स्थानिक वेळ तशी नसते: ऑक्टोबरमध्ये घड्याळ मागे जातं तेव्हा एक तास दोनदा येतो, त्या तासातल्या अपॉइंटमेंटचं तुम्ही काय करणार? शिवाय रिमाइंडर पाठवायला, क्रम लावायला, दोन वेळा भिडतात का ते बघायला यूटीसी लागतंच.

माझ्या मते खरी अडचण `tzdata`, म्हणजे टाइम झोनचा तो डेटाबेस, वेळेवर अद्ययावत न करण्यात आहे. ते नीट केलं की झालं. आणि अगदीच काळजी वाटत असेल तर वेळेसोबत ऑफसेट साठवा: `2023-04-04T10:00+03:00`. यात स्थानिक वेळही आली आणि यूटीसीही आलं.

---

लंबक

निनादराव, दोनदा येणाऱ्या तासाबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो. पण `tzdata` अद्ययावत करणं हा इथे उपाय होऊ शकत नाही, कारण हेमांगीताईंच्या उदाहरणात अद्ययावत केल्यामुळेच वेळ सरकली. अद्ययावत केली नसती तर जुन्या अपॉइंटमेंट १० च्याच दिसल्या असत्या, पण आत्ता किती वाजले ते चुकलं असतं. यूटीसीत साठवलेल्या भविष्याला दोन्ही रस्ते वाईट.

ऑफसेटचंही तेच. `+03:00` हा त्या दिवशी काढलेला निष्कर्ष आहे. उद्या नियम बदलला की `10:00+03:00` या मजकुरातल्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात: ४ एप्रिलला बैरूत जर दोन तासांवर असेल तर हे १० वाजता की ९ वाजता? ज्या लायब्ररीला तुम्ही हे वाचायला द्याल ती बहुतेक वेळा ऑफसेटवर विश्वास ठेवून यूटीसी काढेल आणि ९ म्हणेल. झोनचं नाव सोबत असेल तरच भांडण सुरू आहे हे निदान कळतं. २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५५७ मध्ये म्हणूनच `2023-04-04T10:00+03:00[Asia/Beirut]` असं लिहायची सोय केली आहे आणि दोन्ही जुळत नसतील तर काय करायचं याचाही विचार केला आहे.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पोस्टग्रेसमध्ये `timestamp with time zone` असं नाव असलेला प्रकार झोन साठवत नाही. तुम्ही दिलेली वेळ तो यूटीसीत बदलतो आणि झोन टाकून देतो, वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. त्या नावावर भरवसा ठेवून «आम्ही झोन साठवतोच» असं सांगणारे भले भले लोक मी पाहिले आहेत.

कॅलेंडरच्या फाइलींमध्ये हा फरक फार आधीपासून आहे. `.ics` फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. वेळ या दोनपैकी एका तऱ्हेने लिहिलेली दिसेल:

```
DTSTART;TZID=Asia/Beirut:20230404T100000
DTSTART:20230404T070000Z
```

पहिली ओळ नियम बदलला तरी १० वाजताच राहते. दुसरी नियमाबरोबर सरकते. तुमचं सॉफ्टवेअर आमंत्रण पाठवताना कुठली लिहितं ते तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

---

सदा_न्यूजर्सी

माझी पण हीच तक्रार आहे! दर रविवारी कोल्हापूरला आईला व्हिडिओ कॉल असतो, फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला येणारा कार्यक्रम करून ठेवला आहे. उन्हाळ्यात माझ्याकडे सकाळी ११:३० ला यायचा. नोव्हेंबर लागला की १०:३० ला येतो आणि तेव्हा मुलीचा पोहण्याचा क्लास असतो. म्हणजे माझ्या कॅलेंडरने यूटीसीत साठवलंय असंच ना? कसं बदलू?

---

हेमांगी_र

सदादादा, तुमचं बहुधा यूटीसीमुळे नाही. आईकडे तो कॉल वर्षभर रात्री ९ लाच होतो ना? मग तो कार्यक्रम `Asia/Kolkata` मध्ये साठवलेला असणार. कोल्हापूरचं घड्याळ हलत नाही, तुमचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, म्हणून तुम्हाला तो तासभर लवकर आल्यासारखा वाटतो. कार्यक्रम उघडून टाइम झोन «न्यूयॉर्क» केलात तर तुमच्याकडे कायम ११:३० राहील, पण हिवाळ्यात आईकडे रात्री १० वाजतील.

दोघांचंही घड्याळ एकदम सांभाळता येत नाही. कुणाच्या घड्याळाने ठरवायचं ते तुम्ही मायलेकांनीच बोलून घ्यायचं. सॉफ्टवेअरने फक्त ते नीट विचारलं पाहिजे आणि लक्षात ठेवलं पाहिजे.

---

सदा_न्यूजर्सी

हो, तिच्याकडे कायम ९. जेवण आटोपून बसते ती. मग तिचंच घड्याळ राहू दे, क्लासची वेळ बदलून मिळते का बघतो. धन्यवाद ताई.

---

किशोर_सातारा

मी शिक्षक आहे, प्रोग्रामर नाही, पण विषय आवडला. एक शंका. भारतात साडेपाच तास कायमचे आहेत. मग भारतातल्या भारतात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला याचा काय उपयोग? उगीच दोन रकाने कशाला?

---

लंबक

सर, आज फरक पडणार नाही हे खरं. पण «कायमचे» म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं घड्याळ साडेसहा तासांवर होतं. `Asia/Kolkata` या नावाखाली तो इतिहास आजही नोंदलेला आहे. आसामात चहाच्या मळ्यांवर अजून तासभर पुढचा «बागान टाइम» पाळतात, आणि ईशान्येला वेगळी वेळ द्या ही मागणी तिथल्या मुख्यमंत्र्यांनीही केलेली आहे. ती उद्याच मान्य होईल असं मी म्हणत नाही. पण मान्य झालीच तर गुवाहाटीच्या दवाखान्याची १० ची वेळ १० च राहायला हवी, एवढंच.

मला त्याहून मोठी अडचण वेगळीच दिसते. आपल्याकडे घड्याळ हलत नसल्यामुळे पुण्यात किंवा बंगळुरात लिहिलेला कोड आपल्याच घड्याळावर तपासला जातो. सगळ्या चाचण्या पास होतात, आणि तो कोड बैरूत, कैरो, मेक्सिको सिटीत जाऊन चालतो. कैरोचं उदाहरण ताजं आहे. इजिप्तने उन्हाळी वेळ बंद केली होती, ती २८ एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू केली, आणि हा निर्णय जाहीर झाला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. फेब्रुवारीत मे महिन्यासाठी घेतलेली प्रत्येक अपॉइंटमेंट, यूटीसीत साठवली असेल तर, एक तास सरकली.

---

अनिरुद्ध_कार्गो

मी मालवाहतुकीच्या क्षेत्रात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पुढे घडणारी प्रत्येक गोष्ट स्थानिक वेळेची नसते. बैरूतच्या त्याच गोंधळात मिडल ईस्ट एअरलाइन्सने जाहीर केलं की विमानतळावरची घड्याळं सरकारी, म्हणजे हिवाळी वेळेवर राहतील, पण उड्डाणांच्या वेळा आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाशी जुळवून बदलल्या जातील. कारण उघड आहे. पॅरिसला उतरण्याची जागा ठराविक क्षणाला मिळालेली असते. बैरूतने आपलं घड्याळ कसंही ठेवलं तरी पॅरिस थांबणार नाही. तिथे क्षण पक्का असतो आणि स्थानिक वेळ त्यातून काढायची असते.

तसंच ओटीपी किती मिनिटांनी बाद होणार, लिलाव कधी बंद होणार, सहा तासांनी पुन्हा चालवायचं काम, हे सगळं यूटीसीतच शोभतं. तेव्हा धाग्याचं शीर्षक थोडं सरसकट झालंय असं वाटतं.

---

हेमांगी_र

अनिरुद्धदादा, मुद्दा मान्य. म्हणूनच मी «अपॉइंटमेंट» म्हटलं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: सरकारने उद्या घड्याळ तासभर सरकवलं, तर ही गोष्ट घड्याळाबरोबर सरकायला हवी की नको? दाताच्या डॉक्टरची वेळ सरकायला हवी, कारण दवाखाना घड्याळाप्रमाणे उघडतो. ओटीपी सरकायला नको. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रकारचे रकाने असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच.

---

निनाद_डोंबिवली

बरं, ऑफसेटचा मुद्दा समजला. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. आमच्याकडे दर मिनिटाला एक काम चालतं, ते पुढच्या एका तासातल्या अपॉइंटमेंट शोधून एसएमएस पाठवतं. फक्त स्थानिक वेळ आणि झोन असेल तर हजारो ओळींचं गणित दर मिनिटाला करायचं का? इंडेक्स कशावर लावू?

---

लंबक

दर मिनिटाला करायची गरज नाही. यूटीसीही ठेवा, पण मूळ म्हणून नको, काढलेलं उत्तर म्हणून ठेवा. ते कधीही पुसून पुन्हा काढता आलं पाहिजे.

```sql
CREATE TABLE appointment (
  id         bigint PRIMARY KEY,
  local_time timestamp NOT NULL,
  zone       text NOT NULL,
  utc_at     timestamptz NOT NULL,
  tz_version text NOT NULL
);
CREATE INDEX ON appointment (utc_at);
```

इथे `local_time` चा प्रकार मुद्दाम झोनशिवायचा आहे. पेशंटला जे सांगितलं तेच त्यात राहतं आणि पेशंटने स्वतः वेळ बदलल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. एसएमएसचं काम `utc_at` वर चालेल, इंडेक्सही तिथेच. `tz_version` मध्ये कुठल्या नियमांनी यूटीसी काढलं ते राहतं, म्हणजे नवी आवृत्ती आली की कुठल्या ओळी जुन्या उत्तरावर आहेत ते लगेच सापडतं. मग फक्त पुढच्या ओळींचं गणित परत करायचं:

```sql
UPDATE appointment
SET utc_at = local_time AT TIME ZONE zone,
    tz_version = '2023c'
WHERE zone = 'Asia/Beirut'
  AND local_time > now() AT TIME ZONE zone;
```

शेवटच्या अटीत स्थानिक वेळेशी तुलना केली आहे ती विचारपूर्वक. तिथे जुनं `utc_at` वापरलंत तर नियम बदलल्याच्या तासात जी अपॉइंटमेंट प्रत्यक्षात अजून व्हायची आहे, ती «होऊन गेली» असं समजून सुटून जाईल.

हे चालवण्याआधी एक तपासणी करा. नवे नियम खरंच त्या मशीनवर पोचले आहेत का ते लिनक्सवर असं दिसतं:

```
zdump -v Asia/Beirut | grep 2023
```

पण एवढ्यावर थांबू नका. जावाची स्वतःची वेगळी प्रत असते, पोस्टग्रेस कसं बांधलंय त्यावर त्याची वेगळी असू शकते, पेशंटच्या फोनमध्ये तिसरीच असते. एकाच सर्व्हरवर तीन थरांत तीन आवृत्त्या असणं ही नेहमीची गोष्ट आहे. डेटाबेसने काढलेलं यूटीसी आणि अॅपने काढलेलं यूटीसी जुळत नसेल तर आधी हे बघा. म्हणून फोनला यूटीसी पाठवून «तूच स्थानिक वेळ काढ» असं म्हणू नये. दवाखान्याची वेळ दाखवायची तर सर्व्हरने थेट «१०:००» हाच मजकूर पाठवावा.

आता दोनदा येणारा तास. बैरूतमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री १२ ला घड्याळ ११ वर जातं, त्यामुळे शनिवारी रात्रीचे ११ ते १२ दोनदा येतात. दवाखान्याला फरक पडत नाही. रात्रपाळी किंवा बस असेल तर «पहिला» की «दुसरा» हे सांगणारा एक छोटा रकाना लागतो. पायथनमध्ये त्यालाच `fold` म्हणतात.

त्याहून जास्त त्रास उलट्या बाजूला होतो. मार्चमध्ये तिथे घड्याळ मध्यरात्रीच पुढे जातं, म्हणजे त्या रविवारी ००:०० ते ००:५९ ही वेळ अस्तित्वातच नसते. आणि किती तरी लोक पूर्ण दिवसाचा कार्यक्रम किंवा वाढदिवस «त्या दिवशीचे ००:००» म्हणून साठवतात! जावा अशी वेळ गुपचूप एक तास पुढे ढकलते, पायथन तक्रारही करत नाही. जिथे फक्त तारीख हवी तिथे फक्त तारीखच साठवा, `date` प्रकारात, वेळ आणि झोन काहीही न लावता.

---

मेधा_ठाणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाहेरच्या देशांतले पेशंट ऑनलाइन बघते. वरचा कोड मला कळला नाही, पण एक अडचण दिसते. समजा माझा बैरूतचा एक पेशंट आहे, त्याची वेळ बैरूतच्या १० ची. एरवी उन्हाळ्यात ती माझ्याकडे दुपारी १२:३० ला येते. माझा ठाण्यातला दुसरा पेशंट १:३० ला आहे. आता बैरूतने घड्याळ पुढे केलंच नाही, तर त्यांचे १० म्हणजे माझे १:३०. दोन्ही पेशंट एकाच वेळी! यूटीसीत असतं तर निदान माझं वेळापत्रक तरी हललं नसतं. हेमांगीताईंच्या पद्धतीने मलाच त्रास झाला की.

---

हेमांगी_र

मेधाताई, हा खरा प्रश्न आहे आणि तो नुसत्या साठवणीने सुटत नाही. माझं म्हणणं असं की वेळापत्रक ज्याचं, घड्याळ त्याचं. तुम्ही ठाण्यात बसून स्वतःच्या वेळा देता, तर ती अपॉइंटमेंट `Asia/Kolkata` मधली १२:३० म्हणून साठवायची. बैरूतचा नियम बदलला तर पेशंटला संदेश जाईल: तुमची भेट आता तुमच्या घड्याळाने ९ ला आहे. दातांच्या दवाखान्यात खुर्ची बैरूतमध्ये आहे, म्हणून तिथे बैरूतचं घड्याळ.

---

लंबक

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. पेशंट सकाळी ९ ला मुलांना शाळेत सोडत असेल तर त्याला तो संदेश चालणार नाही. मेधाताईंनी पेशंटच्या सोयीने १० कबूल केले असतील, तर कबुली बैरूतच्या घड्याळाची होती. कुणाचं घड्याळ हे आधी ठरवून ठेवणं चांगलं, पण नियम अचानक बदलला की सॉफ्टवेअरने स्वतः निकाल देऊ नये असं मला वाटतं. गणित परत केल्यावर ज्या भेटी एकमेकींवर येतात, किंवा दुसऱ्या पक्षाकडे ज्यांची वेळ बदलते, त्यांची यादी काढून माणसासमोर ठेवावी. यूटीसीत साठवलेलं असतं तर ही यादीच निघाली नसती. मेधाताईंचं वेळापत्रक शांत दिसलं असतं आणि बैरूतचा पेशंट १० वाजता रिकाम्या पडद्यासमोर बसला असता.

---

मेधा_ठाणे

यादी मिळाली तर मी फोन करून घेईन, तेवढं सोपं आहे. माझ्या सध्याच्या अॅपमध्ये झोन निवडायची सोयच नाही, ती मागते आता.

---

अनिरुद्ध_कार्गो

झोनचं नाव साठवलं म्हणजे पुढचं सगळं सुरक्षित, असं आहे का? नावं पण बदलतात ना? कलकत्त्याचं कोलकाता झालं तसं.

---

लंबक

नुसतं नाव बदललं तर त्रास नाही. `Asia/Calcutta` हे जुनं नाव अजूनही चालतं, ते `Asia/Kolkata` कडे बोट दाखवतं. त्रास झोन फुटतो तेव्हा होतो.

मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक देशात रद्द केली. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या गावांचं प्रकरण वेगळं होतं. तोवर सिउदाद हुआरेस आणि ओहिनागा ही दोन्ही ठिकाणं `America/Ojinaga` या एकाच नावाखाली होती. ३० नोव्हेंबर २०२२ पासून हुआरेसने समोरच्या एल पासोची वेळ घेतली आणि ओहिनागाने त्याच्या समोरच्या टेक्सासची. दोघांमध्ये एक तासाचं अंतर पडलं. म्हणून `2022g` या आवृत्तीत `America/Ciudad_Juarez` हे नवं नाव आलं. ज्यांनी हुआरेसच्या अपॉइंटमेंट `America/Ojinaga` म्हणून साठवल्या होत्या, त्यांचं नुसतं गणित परत करून भागलं नाही. कुठली ओळ हुआरेसची आणि कुठली ओहिनागाची, हे झोनच्या नावावरून कळायला मार्गच नव्हता.

त्यामुळे शक्य असेल तिथे अपॉइंटमेंटला दवाखान्याच्या शाखेशी जोडा आणि झोन शाखेच्या ओळीत ठेवा. शाखेचा पत्ता माहीत असतो, झोन फुटला की एका ठिकाणी बदलायचा. बैरूत आणि इजिप्तसारख्या प्रसंगांत झोनचं नाव पुरतं, हुआरेससारख्या प्रसंगात पत्ताच लागतो.

---

निनाद_डोंबिवली

बैरूतचं एक अजून कळलं नाही. २६ ते २९ मार्च या दिवसांत अर्धा देश एका वेळेवर आणि अर्धा दुसऱ्या. `Asia/Beirut` तेव्हा नक्की काय सांगत होतं?

---

लंबक

त्या वेळी कुठली आवृत्ती चढली आहे त्यावर. `2023b` असेल तर हिवाळी वेळ, जुनी असेल तर उन्हाळी. `2023c` मध्ये त्यांनी लेबनॉनचा डेटा सरळ `2023a` सारखा परत केला, म्हणजे जणू घड्याळं २६ लाच पुढे गेली. आज तुम्ही २८ मार्च २०२३ ची बैरूतची वेळ विचारलीत तर उन्हाळी वेळच मिळेल, जरी सरकारी कचेऱ्यांत तेव्हा हिवाळी वेळ चालू होती. मोबाइल कंपन्यांनी लोकांना फोनचं घड्याळ हाताने लावायला सांगितलं होतं.

त्या चार दिवसांतल्या अपॉइंटमेंटचं मला आजही नीट उत्तर सापडलेलं नाही. स्थानिक वेळ साठवलेली असेल तर «१०» एवढं तरी हातात राहतं, पण चर्चच्या शाळेचे १० की मंत्रालयाचे १०, हे फोन करूनच कळणार.

---

हेमांगी_र

आम्ही साफ केलेल्या डेटात त्या दिवसांच्या ओळी तशाच सोडून दिल्या. त्या भेटी होऊन गेल्या होत्या, आणि अंदाजाने काही लिहिण्यात अर्थ नव्हता.

---

निनाद_डोंबिवली

आमच्याकडे सगळं `timestamptz` मध्ये आहे आणि दवाखान्याच्या शाखेत झोन आहे. जुन्या ओळी `local_time` मध्ये कशा नेऊ? सरळ `utc_at AT TIME ZONE zone` करून भरल्या तर चालेल?

---

हेमांगी_र

ज्या झोनचा नियम अपॉइंटमेंट घेतल्यापासून बदललेला नाही, तिथे बिनधास्त चालेल, एकही मिनिट हरवणार नाही. म्हणून हे काम नियम शांत असतानाच करून टाका, पुढचा बदल जाहीर व्हायची वाट बघू नका. भारतातल्या सगळ्या शाखा आजच होतील.

जिथे नियम मध्ये बदलला आहे तिथे ओळ तयार झाल्याची वेळ बघा, आणि नवी आवृत्ती तुमच्या सर्व्हरवर नक्की कधी चढली ते डिप्लॉयमेंटच्या लॉगमधून काढा. त्याआधीच्या ओळी जुन्या नियमाने उलट्या काढायच्या, नंतरच्या नव्या नियमाने. एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर ते सगळे एकाच क्षणी बदललेले नसतात, त्यामुळे मधल्या तासांतल्या काही ओळी संशयित राहतील. आम्ही त्यासाठी पेशंटला गेलेले एसएमएस शोधले. «उद्या सकाळी १० वाजता» असा मजकूर एसएमएसच्या गेटवेच्या नोंदीत अक्षरशः साठलेला होता. तुमच्याकडे त्या नोंदी किती दिवस ठेवतात ते आधी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी त्या थोड्याच महिन्यांत पुसतात.

---

निनाद_डोंबिवली

विचारलं. नव्वद दिवस ठेवतात. मस्कत आणि दुबईच्या शाखांचं घड्याळ हलत नाही, त्या आणि भारतातल्या शाखा या आठवड्यात घेतो. कैरोची एक शाखा आहे, तिच्या पुढच्या ओळी आधी एसएमएसशी ताडून मगच हलवतो.